दुसरीकडची शेवटची फेरी सोमवारी, हातातल्या ऑफरला गुरुवारपर्यंत उत्तर: वेळ कसा मागू?

रानजाई | मंगळवार, १० जून, रात्री ९.४०

नमस्कार. भोसरीत ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये सहा वर्षं आहे, राहायला चिंचवडला. गेले तीन महिने नोकरी शोधतेय आणि आता दोन गोष्टी एकदम समोर आल्यात.

आज दुपारी चारला एका कंपनीची ऑफर आली, तिला 'अ' म्हणते. तळेगावचा प्लँट, सप्लायर क्वालिटीचं काम. सध्या मला ९ लाख २० हजार मिळतात, ते १२ लाख ४० हजार देतायत. त्यातले ११ लाख फिक्स, बाकीचं व्हेरिएबल. शिवाय ७५ हजार जॉइनिंग बोनस, पण वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करायचा. ऑफरच्या लिंकवर गुरुवारी, १२ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत अ‍ॅक्सेप्ट करायचंय. जॉइनिंग १८ ऑगस्ट. माझी नोटीस ६० दिवसांची आहे.

'ब' म्हणजे हिंजवडीतलं एक इंजिनिअरिंग सेंटर. तिथे दोन फेऱ्या झाल्या, तिसरी आणि शेवटची मॅनेजरबरोबर सोमवारी १६ जूनला सकाळी ११ वाजता आहे. ते काम मला मनापासून हवंय. आत्ता मी लाइनवर रिजेक्शन आलं की धावते. तिथे पार्ट डिझाइन होत असतानाच क्वालिटीचा विचार करायचा आहे. आठवडा पाच दिवसांचा, आणि माझी मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे तेही महत्त्वाचं.

'अ'ची ऑफर कन्सल्टंटमार्फत आली. त्याचे आजच तीन फोन येऊन गेले. "उद्याच अ‍ॅक्सेप्ट करा, मागे दोघं रांगेत आहेत," म्हणतो.

'अ'कडे वेळ मागावा का? किती मागावा, कारण काय सांगावं? नुसता वेळ मागितला म्हणून ऑफर काढून घेतात का?

---

कोथरूडकर | मंगळवार, रात्री १०.०५

यात एवढा विचार कशाला? अ‍ॅक्सेप्ट करून टाक आणि सोमवारचा इंटरव्ह्यू दे. 'ब'चं झालं तर 'अ'ला नाही म्हणायचं. ऑफर लेटर म्हणजे काही करार नव्हे, जॉइन होईपर्यंत तू कुणालाच बांधील नाहीस. माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांनी असंच केलंय. वेळ मागून संशय कशाला निर्माण करायचा?

---

शिरीषफुले | मंगळवार, रात्री १०.३०

माझ्या मुलाचं मागच्या वर्षी अगदी असंच झालं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एका कंपनीने घेतलं आणि त्याला हवी असलेली कंपनी पुढच्या महिन्यात येणार होती. आम्ही प्लेसमेंटच्या सरांना भेटलो. त्यांनी सांगितलं, एक ऑफर मिळाली की दुसरीकडे बसता येत नाही, वेळबिळ काही मिळणार नाही. त्यामुळे ताई, तुम्हीही आधी नियम विचारून घ्या. उगाच नाव यादीतून काढायला नको.

---

मुठाकाठ | मंगळवार, रात्री ११.१०

शिरीषफुले, तो कॅम्पसचा नियम कॉलेजचा असतो. रानजाई सहा वर्षं नोकरीत आहेत, त्यांना तो लागू नाही.

मी बारा वर्षं भरतीचं काम करते, सध्या खराडीत. त्या गुरुवारच्या तारखेमागे आमच्या बाजूला काय चाललेलं असतं ते आधी सांगते, म्हणजे काय मागायचं ते तुम्हालाच दिसेल.

एक जागा असते आणि दोन-तीन जण शेवटपर्यंत आलेले असतात. पहिल्या पसंतीला ऑफर जाते. दुसऱ्याला आम्ही "अजून निर्णय व्हायचाय" म्हणून धरून ठेवतो. तो आठवडाभर धरतो, फार तर दहा दिवस, मग दुसरीकडे जातो. पहिल्याने पंधरा दिवस घेऊन नाही म्हटलं तर दोघंही हातचे जातात. पुन्हा शोध, पुन्हा फेऱ्या, आणि नवा माणूस मिळाला की त्याचीही दोन-तीन महिन्यांची नोटीस. म्हणून मुदत दोन दिवसांची ठेवतात. दोन दिवसांत निर्णय होतोच, असं आम्हालाही वाटत नसतं. आम्हाला भीती दोनच गोष्टींची: दुसरा उमेदवार निसटेल आणि जॉइनिंग लांबेल. या दोन्ही गोष्टी सांभाळणारी मागणी केली तर ती बहुतेक वेळा मान्य होते.

आता तुमच्याच तारखा बघा. जॉइनिंग १८ ऑगस्ट, सोमवार. नोटीस ६० दिवस. १३ जूनला राजीनामा दिलात तर १२ ऑगस्टला मोकळ्या होता, म्हणजे मधे पाच दिवस नुसतेच पडून आहेत. १७ जूनला दिलात तर १६ ऑगस्टला मोकळ्या, आणि तो शनिवार आहे. म्हणजे 'अ'ने तुम्हाला सोमवारपर्यंत किंवा अगदी मंगळवार सकाळपर्यंत थांबू दिलं तरी त्यांची १८ तारीख हलत नाही. हे वाक्य तुमच्या मागणीत असायलाच हवं. तुमच्या कंपनीत नोटीस राजीनाम्याच्या दिवसापासून मोजतात की दुसऱ्या दिवसापासून, तेवढं बघून घ्या. एखादा दिवस इकडेतिकडे होतो.

कन्सल्टंटचं म्हणाल तर, त्याला कंपनी फी देते, बऱ्याचदा महिन्याभराच्या पगाराच्या आसपास, आणि तीही तुम्ही रुजू झाल्यावरच. त्याची घाई त्याच्या जागी बरोबर आहे. रांगेत दोघं असतीलही. पण मुदत वाढवायचा अधिकार त्याच्याकडे नाही, तो एचआरकडे आहे.

आणि यातली सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. सोमवारी इंटरव्ह्यू म्हणजे सोमवारी ऑफर नव्हे. शेवटच्या फेरीनंतर मॅनेजर शेरा देतो, मग एचआर पगाराचं बोलतं, पगाराच्या स्लिपा मागतं, फिटमेंट होतं, म्हणजे तुम्हाला कोणत्या पगारात बसवायचं ते ठरतं, दोन-तीन वरिष्ठांची मंजुरी लागते, मग कुठे लेटर. आमच्याकडे याला आठवडा ते दहा दिवस लागतात. सोमवार संध्याकाळपर्यंत वेळ मिळवलात तरी तेव्हा तुमच्या हातात फक्त 'इंटरव्ह्यू बरा झाला' एवढंच असेल.

म्हणून आधी 'ब'ला फोन करा, 'अ'ला नंतर. 'ब'च्या रिक्रूटरला सरळ सांगा: माझ्याकडे लेखी ऑफर आहे, तिची मुदत या आठवड्यात संपते, पण मला तुमच्याकडचं काम जास्त आवडलंय, सोमवारची फेरी शुक्रवारी होऊ शकेल का, आणि निकाल निदान तोंडी कधी कळेल? 'अ'चा आकडा आत्ता सांगू नका. आमच्यासारख्यांना असा फोन आला की राग येत नाही, उलट मॅनेजरच्या मागे लागायला कारण मिळतं.

---

खडकीवासी | बुधवार, ११ जून, सकाळी ७.२०

कोथरूडकर यांच्या एका वाक्याबद्दल. मी एका कंपनीच्या कायदा विभागात होतो, आता निवृत्त आहे.

"ऑफर लेटर म्हणजे करार नव्हे" हे अ‍ॅक्सेप्ट करेपर्यंतच खरं आहे. १८७२ चा करार कायदा इथेही लागतो. प्रस्ताव बिनशर्त स्वीकारला की करार होतो, मग तो कागदावर सही करून असो की लिंकवरचं बटण दाबून. नंतर नाही म्हटलं तर तो करार मोडणं झालं. तुम्हाला जबरदस्तीने कामावर आणायला कोर्ट सांगत नाही आणि एवढ्यासाठी कंपन्या सहसा कोर्टात जात नाहीत, हे मात्र तुमचं बरोबर. लेटरमध्ये रुजू न झाल्यास काही रक्कम भरायची अट आहे का, ते रानजाई यांनी जरूर वाचावं.

"ऑफर काढून घेतात का," या प्रश्नाचं उत्तर: घेऊ शकतात. कलम ५ प्रमाणे तुमचा स्वीकार पाठवला जाईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. 'गुरुवार सहापर्यंत' असं लिहिलंय म्हणून तोवर तो उघडा ठेवायला ते बांधील नाहीत. वेळ मागण्याने ऑफर आपोआप रद्द होत नाही, ती नुसती विचारणा असते. पण "अमुक कराल तर स्वीकारते" असं लिहिलंत तर तो बिनशर्त स्वीकार राहत नाही. तो तुमचाच नवा प्रस्ताव होतो आणि मूळ ऑफर संपली असं समोरचा म्हणू शकतो. म्हणून शब्द जपून वापरा.

---

वाटाड्या | बुधवार, सकाळी ८.४५

माझा अनुभव उलटा आहे. २०१९ मध्ये रांजणगावच्या एका कंपनीची ऑफर होती. मी प्रामाणिकपणे एचआरला सांगितलं की दुसरीकडे शेवटचा राउंड आहे, चार दिवस द्या. बाई फोनवर "हो हो" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मेल आला की जागा होल्डवर गेली आहे. दुसरीकडचंही झालं नाही. घरी बाबांचं ऑपरेशन तोंडावर होतं, पुढचे पाच महिने जुन्याच पगारात काढले. ते दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, दुसऱ्या कंपनीचं नावच काढू नका. घरच्यांशी बोलायचंय, पगाराचे तपशील समजून घ्यायचेत, एवढंच सांगा.

---

मुठाकाठ | बुधवार, सकाळी ९.३०

वाटाड्या, तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं आणि तसं होत नाही असं मी म्हणणार नाही. जागा खरोखर होल्डवर गेली असेल किंवा दुसरा उमेदवार लगेच तयार असेल, बाहेरून कळत नाही.

तरी खोटं कारण देऊ नये असंच मी म्हणेन. पुणं तसं लहान आहे. भोसरी, चाकण, तळेगावची क्वालिटीची माणसं एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या कंपनीचं नाव सांगायची मात्र काहीच गरज नाही. "एक प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे, ती पूर्ण करून तुम्हाला पक्का शब्द द्यायचा आहे," एवढं पुरतं. आणि ऑफरबद्दल खरंच शंका असेल तर ती विचारणं हे खोटं कारण नव्हे. रानजाई, तुमच्या व्हेरिएबलचे १ लाख ४० हजार कशावर ठरतात, मागच्या वर्षी लोकांना त्यातले किती मिळाले, हे तुम्ही विचारायलाच हवं. त्याचं उत्तर यायला त्यांनाही एक-दोन दिवस लागतात.

---

रानजाई | बुधवार, दुपारी १.५०

जेवणाच्या सुट्टीत 'ब'ला फोन केला. रिक्रूटर चांगलं बोलली. अर्ध्या तासात तिचा परत फोन आला: फेरी शुक्रवारी दुपारी ४ वाजता, ऑनलाइन. निकाल सोमवार दुपारपर्यंत तोंडी सांगायचा प्रयत्न करेन म्हणाली. विचारल्याशिवाय हे झालंच नसतं.

उद्या गुरुवार, आमच्या कारखान्याला सुट्टी. 'अ'च्या एचआरला सकाळी फोन करेन आणि मेल पाठवेन. मेल इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा:

"ऑफरबद्दल मनापासून आभार. मला ही ऑफर स्वीकारायला आनंद होईल, मात्र जॉइनिंग बोनसची परतफेडीची अट सहा महिन्यांवर आणावी आणि निर्णयासाठी आणखी थोडा वेळ मिळावा. काही वैयक्तिक कारणांमुळे मला लगेच सांगणं शक्य नाही. कृपया समजून घ्यावं."

ठीक आहे का?

---

खडकीवासी | बुधवार, दुपारी २.३०

पहिलं मोठं वाक्य काढा. "स्वीकारायला आनंद होईल, मात्र" ही तीच गडबड, जी मी सकाळी लिहिली. अट बदलायची मागणी आणि वेळेची मागणी एका वाक्यात नको. खरं तर एका मेलमध्येही नको.

---

मुठाकाठ | बुधवार, दुपारी ३.१५

खडकीवासींशी सहमत. आणि "थोडा वेळ" हे शब्द आमच्या कामाचे नाहीत. ते वाचून मला मॅनेजरला काय सांगायचं तेच कळत नाही. तो विचारणार, "म्हणजे कधी?" मग मी तुम्हाला फोन करणार, तुम्ही विचार करणार, आणि तेवढ्यात गुरुवारचे सहा वाजणार. "वैयक्तिक कारण" वाचलं की आम्ही मनात दुसरी ऑफरच धरतो, म्हणजे लपवूनही काही साधत नाही.

मी असं लिहिलं असतं:

"ऑफरबद्दल आभार. तळेगावच्या या कामात मला खरोखर रस आहे. सध्या आणखी एक निवड प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे आणि ती सोमवारी पूर्ण होते. ती झाल्यावर तुम्हाला पक्कं उत्तर द्यावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून मंगळवार १७ जून, दुपारी १२ पर्यंत मुदत वाढवून मिळावी ही विनंती. माझी नोटीस ६० दिवसांची आहे. १७ जूनला राजीनामा दिला तरी १६ ऑगस्टला मी मोकळी होते, त्यामुळे १८ ऑगस्टच्या जॉइनिंगवर परिणाम होणार नाही. मुदत वाढवणं शक्य असल्यास लिंकवरची तारीखही बदलून मिळावी."

व्हेरिएबलचा प्रश्न फोनवर विचारा. बोनसची अट आता सोडून द्या; ती तुम्ही अ‍ॅक्सेप्ट करायच्या अगदी जवळ आलात की काढायची गोष्ट आहे. मेलमध्ये कन्सल्टंटला कॉपीत ठेवा, म्हणजे त्याला बाजूला टाकल्यासारखं वाटणार नाही. पण फोन थेट एचआरला, आणि तो सकाळी ११ च्या आत. संध्याकाळी साडेपाचला विचारलं तर होकार द्यायची इच्छा असली तरी मंजुरी देणारा माणूस जागेवर सापडत नाही.

मंगळवार मागितलात तर सोमवार मिळेल असं धरून चाला.

---

कोथरूडकर | बुधवार, दुपारी ४.००

मला अजून वाटतं की एवढं सगळं सांगून आपणच आपले पत्ते उघडे करतोय. कायद्याचं खडकीवासी म्हणतात ते मान्य, मला माहीत नव्हतं. पण अ‍ॅक्सेप्ट करून न गेलेल्या माझ्या ओळखीतल्या एकालाही काही झालेलं नाही.

---

मुठाकाठ | बुधवार, दुपारी ४.२५

त्यांना ते कळलं नसेल इतकंच. आमच्या सिस्टीममध्ये उमेदवाराच्या नावापुढे 'ऑफर स्वीकारून आले नाहीत' अशी नोंद राहते. तीन वर्षांनी तेच नाव दुसऱ्या जागेसाठी आलं की ती नोंद समोर येते आणि बायोडाटा पुढे जात नाही. कुणी कळवत नाही, फोन येतच नाही. समूहातल्या दुसऱ्या कंपन्यांनाही काही ठिकाणी ती दिसते. आणि अ‍ॅक्सेप्ट होताच आम्ही त्या धरून ठेवलेल्या दुसऱ्या माणसाला नकार कळवतो. त्याचंही घर असतं हो. हे मला दरवेळी लागतं.

---

रानजाई | गुरुवार, १२ जून, दुपारी १.३०

साडेदहाला फोन केला. हात थरथरत होते. एचआर मॅडमनी शांतपणे ऐकलं. नोटीस आणि १८ ऑगस्टचं सांगितल्यावर म्हणाल्या, "एवढंच ना? मी हेडना विचारते." आत्ता एकला त्यांचा फोन आला: मंगळवार नाही, पण सोमवार १६ जून संध्याकाळी ६ पर्यंत चालेल. व्हेरिएबलचंही सांगितलं. अर्धं कंपनीच्या नफ्यावर, अर्धं स्वतःच्या रेटिंगवर. मागच्या वर्षी त्यांच्या विभागात सरासरी ८० टक्के मिळालं.

मेल पाठवू का विचारलं तर म्हणाल्या, "नको, मी बघते." म्हणून मेल पाठवला नाही.

---

रानजाई | गुरुवार, संध्याकाळी ६.२५

आत्ता सहज लिंक उघडली तर त्यावर `Offer Expired` असं येतंय. मॅडम फोन उचलत नाहीत. कन्सल्टंट म्हणतो, "मी सांगत होतो." आता काय करू?

---

मुठाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ६.४०

घाबरू नका. ती तारीख सिस्टीममध्ये घातलेली असते, सहा वाजले की लिंक आपोआप बंद होते. मॅडमनी हेडची परवानगी घेतली असेल, पण सिस्टीममध्ये तारीख बदलायची राहिली असेल. हे आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी होतं. ऑफर मागे घेतली असती तर बहुतेक तसा मेल किंवा फोन आला असता.

पण मेल आत्ताच पाठवा, आज रात्रीच. काल लिहिलेलाच मजकूर घ्या, त्यातली मंगळवारच्या मुदतीची विनंती काढा आणि वर एक ओळ घाला: "आज दुपारी १ वाजता फोनवर झालेल्या बोलण्याप्रमाणे मुदत सोमवार १६ जून संध्याकाळी ६ पर्यंत वाढवल्याबद्दल आभार, लिंकवर मात्र ती संपल्याचं दिसतंय, कृपया नवीन तारखेसह पुन्हा पाठवावी." त्या पडद्याचा फोटो जोडा. "मेल नको" असं कुणी म्हटलं तरी यापुढे दोन ओळींचा मेल टाकायचाच. त्या उद्या रजेवर गेल्या तर त्यांच्या जागी बसणाऱ्याला तुमचं काय ठरलं होतं ते कळणार कसं?

---

रानजाई | शुक्रवार, १३ जून, रात्री ८.१०

सकाळी पावणेदहाला नवी लिंक आली, १६ जून संध्याकाळी ६ ची. मॅडमनी माफीही मागितली. रात्रभर झोप नव्हती.

चारला 'ब'ची फेरी झाली. मॅनेजरने मी हाताळलेल्या एका तक्रारीवर पाऊण तास प्रश्न विचारले. बरं झालं असं वाटतंय.

---

रानजाई | सोमवार, १६ जून, दुपारी १२.४०

'ब'च्या रिक्रूटरचा फोन आला. मॅनेजरला मी पसंत आहे. पण फिटमेंट आणि मंजुरी व्हायला आठवडा लागेल, लेटर २३-२४ जूनला. आकडा लिहून देता येणार नाही म्हणाली. तोंडी "बारा-तेराच्या मधे" सांगितलं. हातात सव्वापाच तास आहेत. 'अ'कडे २४ पर्यंत पुन्हा वेळ मागू का?

---

कोथरूडकर | सोमवार, दुपारी १२.५५

'ब'चं झालंच की! मॅनेजरने पसंत केलं म्हणजे बाकी सगळे सोपस्कार. 'अ' सोडून दे. तुला तेच काम हवं होतं.

---

वाटाड्या | सोमवार, दुपारी १.०५

कृपा करून असं करू नका. "जवळपास झालंय" यावर मी एकदा पाच महिने काढलेत.

---

मुठाकाठ | सोमवार, दुपारी १.२०

मागू शकता, पण यावेळी गणित तुमच्या बाजूने नाही. २४ जूनला राजीनामा दिलात तर २३ ऑगस्टला मोकळ्या होता, म्हणजे जॉइनिंग २५ तारखेवर जातं. पहिल्या मागणीत कंपनीचं काहीच जात नव्हतं, या मागणीत एक आठवडा जातो, आणि त्यांचा दुसरा उमेदवारही तोवर थांबणार नाही. मी एचआरच्या जागी असते तर आणखी एक दिवस दिला असता, आठ दिवस दिले नसते.

मॅनेजरची पसंती चांगलीच खूण आहे. तिथून पुढे जास्त अडतं ते पगारावर किंवा जागेच्या मंजुरीवर. तिमाही संपायला आली की काही कंपन्यांत मंजुऱ्या पुढे ढकलल्या जातात, आणि हा जून आहे. 'ब'ला इतकंच विचारा की निवड झाल्याचा दोन ओळींचा मेल, पगाराच्या पट्ट्यासकट, पाचपर्यंत मिळेल का. मिळाला तर विचार करण्यासारखं आहे. नाही मिळाला तर तुमच्या हातात फक्त फोनवरचा शब्द आहे. निर्णय तुमचा. मुलगी, घराचे हप्ते, भोसरीत अजून किती दिवस काढता येतील, हे मला इथे बसून दिसत नाही.

---

रानजाई | सोमवार, संध्याकाळी ६.३०

'ब'कडून पावणेपाचला उत्तर आलं: मंजुरीआधी लेखी काही देता येत नाही. नवऱ्याशी बोलले, आईशी बोलले. ५.२० ला 'अ' अ‍ॅक्सेप्ट केलं. बटण दाबताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू.

लगेच 'ब'च्या रिक्रूटरला फोन करून सांगितलं की मी दुसरीकडे होकार दिलाय, प्रक्रिया थांबवा. तिने आभार मानले आणि विचारलं, "राजीनामा दिलात का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग लेटर येऊ तर दे." तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

---

कोथरूडकर | सोमवार, संध्याकाळी ६.५०

मी असतो तर सांगितलंच नसतं. पण तू केलंस ते मला चुकीचंही म्हणवत नाही.

---

मुठाकाठ | सोमवार, संध्याकाळी ७.१५

तिने तिचं काम केलं, तिलाही जागा भरायची आहे. लेटर आलंच तर काय, यावर माझं आणि माझ्या टीममधल्या मुलीचं आज दुपारीच वाजलं. ती म्हणते, राजीनाम्याआधी माणसाला मत बदलायचा हक्क आहे. मला वाटतं, ज्या बाईंनी हेडकडे जाऊन तुमच्यासाठी चार दिवस मागून आणले, त्यांना आता नाही म्हणणं मला जमलं नसतं.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९.००

मलाही जमणार नाही. उद्या सकाळी राजीनामा देते. त्यात काय काय लिहायचं?

---

खडकीवासी | सोमवार, रात्री ९.३०

तीन ओळी पुरेत. राजीनाम्याची तारीख १७ जून, नियुक्तीपत्राप्रमाणे ६० दिवसांची नोटीस, आणि शेवटचा दिवस १६ ऑगस्ट. शेवटच्या दिवसाची तारीख आकड्यात लिहाच, आणि ती मान्य असल्याचं उत्तर मेलवर मागा. कारण लिहायची गरज नाही. साहेबांशी तोंडी बोलून झालं की त्याच तासात मेल टाका, दुपारवर ठेवू नका. तुमची सगळी तारखांची मांडणी उद्याच्या दिवसावर उभी आहे.